सोसायटीत आठवडाभराचं उन्हाळी शिबिर घ्यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी एप्रिल आला की ग्रुपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच जागी लिहून ठेवलीत. हिशोब सोपा जावा म्हणून एकच उदाहरण धरलंय: पुण्यासारख्या शहरातली मध्यम सोसायटी, ३० मुलं, ८ मदतनीस, सोमवार ते रविवार, रोज सकाळी अडीच तास. तुमच्याकडे मुलं कमी-जास्त असतील तर आकडे त्या हिशोबाने बदला.

शिबिर नक्की कधी ठेवायचं?

मे महिन्याचा पहिला पंधरवडा. स्टेट बोर्डाच्या शाळांचे निकाल साधारण १ मेच्या आसपास लागतात आणि मग सुट्टी, सीबीएसईवाल्यांचं नवीन वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं त्यामुळे त्यांनाही मेशिवाय मोकळीक नाही. त्यानंतर अर्धी सोसायटी गावाला जाते, कोकणवाले तर आंब्यासाठी आधीच बुकिंग करून बसलेले असतात, त्यामुळे फार पुढे ढकललं की मुलं मिळत नाहीत. तारीख मार्चमध्येच ग्रुपवर टाकून ठेवा, लोक तिकिटं त्याप्रमाणे काढतात.

सकाळी की संध्याकाळी?

सकाळी ८ ते १०:३०. संध्याकाळ छान वाटते पण पार्किंगमध्ये गाड्या परतायला लागतात, मोठ्या मुलांचे क्लास असतात, आणि मेमधला वळवाचा पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतरच येतो. सकाळी फक्त एक अडचण, मुलं उठत नाहीत. ते दोन दिवसांत जमतं.

वयाची अट ठेवायची का? माझा साडेतीन वर्षांचा आहे पण खूप हुशार आहे...

आहेच हो हुशार, पण नको. ६ ते १२, म्हणजे पहिली ते सातवी. त्याहून लहान मूल असलं की एक मदतनीस पूर्णवेळ त्याच्याच मागे जातो (शू, पाणी, आई पाहिजे) आणि बाकीच्या नऊ-दहा मुलांना कुणी उरत नाही. फारच आग्रह असेल तर "आई किंवा आजी सोबत बसणार असतील तरच" असं स्पष्ट सांगा, निम्मे अर्ज तिथेच मागे येतात.

३० मुलांचे तीन गट करा: ६–७, ८–९ आणि १०–१२. गटांना नावं मुलांनाच ठेवू द्या.

खर्च किती येतो? फी किती ठेवू?

इथे जरा बसून वाचा, कारण बहुतेक शिबिरं याच ठिकाणी तोट्यात जातात.

सगळ्यात मोठा खर्च खाऊचा. ३० मुलं अधिक ८ मदतनीस म्हणजे ३८ डोकी, माणशी २० रुपये धरले तर दिवसाला ७६०, सात दिवसांचे ५,३२०. मदतनिसांचा खाऊ मोजायला लोक हमखास विसरतात आणि मग शेवटच्या दिवशी कुणीतरी खिशातून घालतं. हस्तकलेचं सामान माणशी १०० प्रमाणे ३,०००. खेळाचं सामान (रबरी चेंडू, दोरी, खडू, शिट्टी) ८००, प्रथमोपचार पेटी ५००, पाण्याचे रोज दोन जार ४० रुपयांनी म्हणजे ५६०. माती शिकवायला बाहेरच्या ताई दोन दिवस येणार असतील तर त्यांचं मानधन १,५००. दहावी-अकरावीची चार मुलं मदतीला घेतली तर प्रत्येकी ५००, म्हणजे २,०००. प्रिंटआउट, प्रमाणपत्रं, किरकोळ ६००. बेरीज १४,२८०. त्यावर वरखर्चाला दहा टक्के म्हणजे १,४३० ठेवा, एकूण १५,७१०. हे दर अंदाजाने धरलेत, तुमच्या भागातले दुकानदार काय सांगतात ते आधी विचारून घ्या.

आता गंमत बघा. १५,७१० भागिले ३० केलं की ५२४ येतात, म्हणून लोक फी ५५० ठेवतात आणि निवांत होतात. पण तीसच्या तीस मुलं फी देत नाहीत. वॉचमनची दोन आणि घरकामाला येणाऱ्या मावशींची दोन मुलं तुम्ही बिनफी घेणार (घ्याच), म्हणजे फी देणारी राहिली २६. त्यात पाच भावंडांच्या जोड्यांना शंभर-शंभर सवलत दिलीत. ५५० ने २६ जणांचे १४,३००, त्यातून सवलतीचे ५०० गेले, हातात १३,८००. जवळजवळ दोन हजारांचा खड्डा. तीच फी ६५० ठेवली तर १६,९०० उणे ५०० म्हणजे १६,४००, सगळा खर्च निघून ६९० उरतात.

म्हणजे भागाकार करताना खाली एकूण मुलं न घेता फी देणारी मुलं घ्यायची आणि सवलत वेगळी वजा करायची, एवढंच.

फी आधी घ्या, एकाच माणसाच्या यूपीआयवर घ्या, आणि स्क्रीनशॉट मागा. "उद्या देते" वाली फी शिबिर संपल्यावर मागायला फार जड जातं.

बिनफी मुलांचं बाकीच्या पालकांना सांगायचं का?

नाही. यादी फक्त हिशोब ठेवणाऱ्याकडे असावी. त्या मुलांना सामान तेच, खाऊ तोच, प्रमाणपत्र तेच. आणि रोज रंगीत टी-शर्ट, फॅन्सी ड्रेस असले दिवस ठेवू नका, फी माफ करून वर ड्रेसचा खर्च लादला तर ती मुलं तिसऱ्या दिवसापासून येत नाहीत.

मदतीला किती माणसं लागतात? कॉलेजची मुलं चालतील का?

दहा मुलांमागे एक मोठं माणूस आणि एक दादा किंवा ताई. तीन गटांना तीन मोठी माणसं, चौथं मोठं माणूस फक्त रजिस्टर, गेट आणि फोन सांभाळणार. चार दादा-तायांपैकी तीन गटांबरोबर आणि एक सुटा. हा सुटा माणूस चैन वाटते पण तोच सगळ्यात कामाचा, कारण कुणाला टॉयलेटला न्यायचं असतं, कुणाचं ढोपर फुटलेलं असतं, कुठेतरी फेविकॉल संपलेला असतो, आणि अशा वेळी गटाबरोबरचं माणूस उठून गेलं की दहा मुलं वाऱ्यावर.

नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली किंवा अकरावी संपवलेली मुलं सगळ्यात बरी, रिकामीही असतात आणि उत्साहही असतो. बारावीवाल्यांना सीईटीचं टेन्शन असतं त्यामुळे ते हो म्हणतात आणि येत नाहीत. पण लक्षात ठेवा, १६ वर्षांचा दादा स्वतःच अजून लहान आहे, त्याच्या एकट्याच्या भरवशावर गट सोडायचा नाही. खेळ घेणं त्याचं काम, जबाबदारी मोठ्या माणसाची.

आईमंडळींकडून आठवडाभराचा शब्द घेऊ नका, मिळत नाही आणि मिळाला तर पाळला जात नाही. "मंगळवार आणि शुक्रवार" असं ठरवून घ्या. रजिस्टरवाला मात्र सातही दिवस तोच हवा, कारण कुठलं मूल कुणाबरोबर जातं हे त्यालाच चेहऱ्याने कळायला लागतं.

शिबिराच्या आदल्या रविवारी सगळ्या मदतनिसांना तासभर एकत्र बसवा, चहा पाजा, आणि जागा फिरून दाखवा. नुसत्या ग्रुपवरच्या मेसेजवर भागत नाही.

रोजचं वेळापत्रक कसं ठेवू?

८ ते ८:५० खेळ (ऊन चढायच्या आत), ९ ते ९:४० हस्तकला सावलीत, ९:५० ते १०:०५ खाऊ, १०:०५ ते १०:२५ गोष्ट, मग घरी. एवढंच पुरे. लोक यात योगा, श्लोक, इंग्लिश स्पीकिंग असं काय काय कोंबतात.

यात ८:५० ते ९ आणि ९:४० ते ९:५० या दोन मोकळ्या दहा मिनिटांकडे बघा, शिवाय सुटल्यावर पालक येईपर्यंतचा वेळ. धडपड, भांडणं, ढकलाढकली, कुणीतरी गायब होणं, हे बहुतेक सगळं याच मधल्या वेळात होतं. खेळताना मुलं खेळात असतात, कागद कापताना मान खाली असते, पण खेळ संपून हात धुवायच्या नळाशी ३० मुलं एकदम पोचली की तिथे पाणी सांडतं, फरशी निसरडी होते आणि पहिलं रडं तिथून ऐकू येतं. मदतनीस मात्र नेमके याच वेळी पुढच्या कार्यक्रमाची तयारी करत पाठमोरे असतात.

म्हणून ड्यूटी लावताना कार्यक्रमाबरोबर जागाही लिहा: नळाशी कोण, जिन्याच्या तोंडाशी कोण, गेटवर कोण. आणि तिन्ही गट एकदम हलवू नका. आधी लहान गट हात धुवून येईल, तोवर बाकीचे दोन गट बसून गाण्याच्या भेंड्या, मग मधला, मग मोठा. पुढच्या कार्यक्रमाचं सामान सकाळी ७:३० लाच तीन पिशव्यांत भरून ठेवलेलं असलं की तयारीसाठी कुणाला पाठ फिरवावी लागत नाही.

कुठले खेळ घ्यायचे?

जे खेळायला ३० मुलं लागतात आणि घरात खेळता येत नाहीत ते. विषामृत पहिल्या दिवशी घ्या: राज्य असलेल्याने शिवलं की "विष", जागेवर बसायचं, दुसऱ्याने येऊन हात लावून "अमृत" म्हटलं की परत पळायचं. यात कुणी कायमचं बाद होत नाही आणि एकमेकांची नावं माहीत नसलेली मुलंही एकमेकांना सोडवायला जातात.

लंगडी, लगोरी दुसऱ्या दिवसापासून. लगोरीला सात चकत्या लागतात, फरशीवाल्याकडे तुकडे फुकट मिळतात पण कडा घासून घ्या. चेंडू टेनिसचा नको, मोज्यात चिंध्या भरून शिवलेला चेंडू घ्या आणि कमरेच्या वर मारायचा नाही. लहान-मोठे एकत्र खेळत असतील तर लहानांना सरळ लिंबूटिंबू करा, ते खेळतील सगळं पण आउट होणार नाहीत, मोठ्या मुलांना हा नियम समजावावा लागत नाही.

संगीत खुर्ची टाळा किंवा बदला. पाच मिनिटांत निम्मी मुलं बाद होऊन कडेला बसतात आणि कडेला बसलेली मुलं म्हणजे उद्योग. त्यापेक्षा खुर्ची कमी करा पण मूल बाद करू नका, शेवटी चार खुर्च्यांवर दहा जण कसे मावतात ते बघायला मजा येते (प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊ नका, सतरंजीचे तुकडे घ्या).

डब्बा ऐसपैस मागतातच. घ्या, पण आधी हद्द चालत जाऊन दाखवा. गच्ची, लिफ्ट, बेसमेंट, पंपाची खोली, मीटरची खोली आणि गाड्यांखाली लपणं बंद. डाव संपला की डोकी मोजा.

हस्तकलेला रोज नवीन काय?

रोज नवीन नको. तीन गोष्टी नीट घ्या. सोमवार-मंगळवार घडीकाम, कारण त्यात फक्त कागद लागतो आणि कोण किती पाण्यात आहे ते तुम्हाला कळतं. बुधवार-गुरुवार शाडू माती. शुक्रवारी कापड-कागदाच्या बाहुल्या. शनिवारी मातीच्या वस्तू रंगवणं.

मातीचा दिवस बुधवारच का, तर ती वाळायला वेळ लागतो. गुरुवारच्या वस्तू शनिवारी रंगवायच्या तर त्या छोट्या आणि पातळ हव्यात, म्हणून मोठं काम बुधवारी आणि गुरुवारी फक्त पणती, मणी, छोटे प्राणी. जाडी बोटाएवढीच. जाड गोळा वरून सुकलेला दिसतो, आतून ओला असतो, हातात घेतलात की गार आणि जड लागतो. तो रंगवला की रंग उडतो. लवकर वाळावं म्हणून उन्हात ठेवाल तर तडे जातील, सावलीत कागदावर ठेवा आणि दिवसातून एकदा उलटा. हत्तीचे पाय, माठाचे कान सकाळी गळून पडलेले असतात ते नुसते चिकटवल्यामुळे. दोन्ही बाजूंना काडीने रेघोट्या मारायच्या, माती पाण्यात कालवून लापशीसारखी करायची, ती मध्ये लावून मग दाबायचं. तीस मुलांना अर्धा-अर्धा किलोने १५ किलो माती लागते, २० आणा.

कात्री गोल टोकाची, तीन मुलांत एक. कटर फक्त मदतनिसाकडे.

गोष्टी कोण सांगणार? मला तर जमत नाही.

सोसायटीत एक तरी आजी-आजोबा असतातच. त्यांना तीन गोष्टी आधी सांगा: पंधरा मिनिटं, वाचून नाही तर सांगून, आणि शेवटी तात्पर्य नको. तिसरी अट आजोबांना आवडत नाही, पण तात्पर्य सुरू झालं की मागची रांग चप्पल शोधायला लागते.

लहान गटाला परत परत येणारी ओळ असलेली गोष्ट हवी, म्हातारी आणि भोपळ्यासारखी, "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" सगळ्यांनी मिळून ओरडायचं. दहा-बाराच्या मुलांना ती बाळबोध वाटते. त्यांच्यासाठी एकच लांब गोष्ट आठवडाभर चालवा आणि रोज अडलेल्या ठिकाणी थांबवा. तुमच्याच भागातली खरी माहिती पण चालते, इथे सोसायटीच्या आधी काय होतं, विहीर कुठे होती, पूर आला तेव्हा पाणी कुठवर आलं. हे सांगणारी माणसं तुमच्याच बिल्डिंगमध्ये असतात.

गोष्ट शेवटी ठेवलीय ती मुद्दाम. पोट भरलेलं असतं, ऊन वाढलेलं असतं, आणि पालक येईपर्यंत मुलं एका जागी बसलेली राहतात.

खाऊला काय द्यावं?

पोहे, उपमा, इडली, केळं, राजगिऱ्याचा लाडू. सकाळी केलेलं सकाळी संपवायचं. कापून ठेवलेलं कलिंगड, मोड आलेली भेळ, दही घातलेलं काहीही मेमध्ये दोन तास बाहेर ठेवू नका. सरबताला कोकम किंवा लिंबू, पण बाहेरचा बर्फ नको, माठातलं पाणी पुरतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं एक जरी मूल असेल तर त्या आठवड्यात पोह्यात शेंगदाणे कुणालाच नाहीत, नुसते काढून देऊन भागत नाही. थर्माकोलच्या डिश आणू नका, राज्यात २०१८ पासून बंदी आहे. घरून डबी-चमचा आणायला सांगा.

उन्हाचा त्रास झाला तर कसं ओळखायचं?

मूल चिडचिडं होतं किंवा एकदम गप्प होतं, डोकं दुखतं म्हणतं, मळमळतं, घाम खूप येतो, पाय वळतात. सावलीत झोपवा, पाय थोडे वर, कपडे सैल, ओल्या फडक्याने अंग पुसा, ओआरएस घोट-घोट द्या. पाकीट असेल तर पाकिटावर लिहिलेल्या मापाचं सगळं पाणी आणि सगळी पावडर, अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानातली गोड टेट्रापॅक पेयं म्हणजे ओआरएस नाही.

मूल असंबद्ध बोलायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलंय, झटका आला किंवा शुद्ध हरपतेय असं वाटलं तर हा उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि अँब्युलन्सची वाट बघत बसू नका, लगेच अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा, जांघेत गार पाण्याची फडकी ठेवा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं धरून चालू नका. शुद्ध नीट नसेल तर तोंडातून काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा.

हे होऊ नये म्हणून "तहान लागली की प्या" असं सांगून उपयोग नाही, खेळात मुलांना तहान कळत नाही. दर वीस मिनिटांनी शिट्टी आणि सगळ्यांनी चार घोट. ताप किंवा जुलाब होऊन गेलेलं मूल त्या दिवशी खेळणार नाही, गोष्टीला येऊ दे.

बाकी सुरक्षेसाठी काय काय करायचं?

आदल्या दिवशी जागा फिरा. पाण्याच्या टाकीचं झाकण, विजेचा डीपी बॉक्स, गच्चीचं दार, पूल असेल तर त्याचं कुलूप. ८ ते १०:३० त्या पट्ट्यात गाडी येणार नाही अशी सेक्रेटरींची लेखी नोटीस लावून घ्या, वॉचमनला तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की विसरलं जातं.

फॉर्मवर दोन फोन नंबर, अ‍ॅलर्जी, दमा किंवा फिट्स, चालू औषधं, आणि न्यायला कोण येणार त्यांची नावं. नावात नसलेलं कुणी आलं, अगदी सख्खा काका म्हणाला तरी, आईला फोन केल्याशिवाय मूल सोडायचं नाही. काका रागावतात, रागावू द्या.

कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद जागेत असणार नाही, टॉयलेटला नेताना दोन मुलं बरोबर जातील आणि मोठं माणूस दाराबाहेर थांबेल. हा नियम सगळ्यांना सारखा, कमिटी मेंबरला पण. मुलाने काही नकोसं घडल्याचं सांगितलं तर उलटतपासणी करू नका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, आणि "आपापसात मिटवू" म्हणू नका. पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. मदतीला चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आहे.

फोटोंसाठी फॉर्मवरच होकार घ्या आणि एकाच माणसाने काढायचे.

पालक तिथेच खुर्ची टाकून बसतात, काय करू?

पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसू द्या. दुसऱ्या दिवशी हातात काम द्या, नळाशी ड्यूटी. तिसऱ्या दिवशी येत नाहीत.

पाऊस आला तर?

क्लबहाऊस त्या सात दिवसांसाठी आधीच बुक करून ठेवा. वीज कडाडत असेल तर झाडाखाली कुणी थांबायचं नाही, सगळे आत, आणि पहिलं काम हजेरी.

शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ?

नंबर काढू नका, त्यावरून पुढचे सहा महिने लिफ्टमध्ये लोक बोलत नाहीत. वस्तू टेबलावर मांडा, प्रत्येकीखाली नावाची चिठ्ठी, पालकांना अर्धा तास बघायला द्या, मग मुलं विरुद्ध पालक लगोरी. हिशोब त्याच संध्याकाळी बिलांच्या फोटोंसकट ग्रुपवर टाका. उरलेले ६९० रुपये परत वाटत बसू नका, २६ जणांत माणशी २६-२७ रुपये येतात, चेंडू आणि दोऱ्या घेऊन क्लबहाऊसच्या कपाटात ठेवा आणि किल्ली कुणाकडे आहे ते लिहून ठेवा.